ओसरीचं वळण

या, असे जवळ येऊन बसा. त्या खांबामागं बसलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि अर्ध्या ऐकण्यातनं माणूस संशय घेतो. मला सांगायचीय ती गोष्ट संशयाचीच आहे. आमच्या वसाहतीतलं वाचनालय चुन्याच्या फक्कीच्या एका रेघेपायी उभं राहता राहता कसं अडलं होतं, ते सांगतो. रेघ कुणी मारली तेही सांगणार आहे. झाकून ठेवलेली गोष्ट आणि न धुतलेलं ताट, दोन्हींना वास सुटतो, असं आमचे कीर्तनकार बुवा म्हणतात.

मी सोपान. धंदा गवंड्याचा. कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहतो, तेवढीच काय ती सेवा.

आम्ही मूळचे गुंजवण्याकडचे. तिकडं पाऊस चार महिने उसंत देत नाही. घरांची छपरं उतरती, दारं लहान, आणि पाणी आत येऊ न देणं हेच बांधकाम. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, आणि भोरच्या पूर्वेला माळावर वसाहत मिळाली. इथं उलटं. ढग डोंगरापलीकडंच रिकामे होऊन येतात. चैत्र-वैशाखात वारा तव्यावरून आल्यासारखा येतो, आणि आम्ही मात्र पत्र्याची बंद घरं बांधून त्यात भाजत बसलो. गाव बदललं, बांधायची सवय बदलली नाही.

वसाहतीत उत्तरेला आमची वरची आळी आणि पूर्वेला बौद्ध वस्ती. गुंजवण्याला होती तशीच वाटणी इथंही उठून आली. दोहोंच्या मधे मोकळा तुकडा होता. तिथं वाचनालय करायचं ठरलं, ते एका माणसाच्या पुस्तकांमुळं. कोंडिबा मास्तर. वस्तीतले पहिले शिक्षक. वारले तेव्हा सात ट्रंका भरून पुस्तकं मागं राहिली. त्यांची लेक माया, तीही शाळेतनं निवृत्त झालेली, तिनं त्या ट्रंका जिवापाड सांभाळल्या. डांबरगोळ्या घालायच्या, वर्षातनं दोनदा उन्हं दाखवायची. पुस्तकं द्यायला ती तयार झाली, पण अट एकच. "सगळ्यांसाठी असेल तर देईन. नुसतं म्हणायला सगळ्यांसाठी असेल, तर ट्रंका विहारातच बऱ्या."

म्हणजे इमारत पंचायतीची, पण वाचनालय त्या सात ट्रंकांत. त्या आल्या नाहीत तर चार भिंती आणि एक कुलूप.

नकाशाचं काम भोरच्या शिवानीकडं दिलं. आर्किटेक्ट पोरगी, तिशीच्या आत. आली ती पहिल्या दिवशी कुणाशी न बोलता माळावर पाच बांबू रोवून बसली. दर तासाला बांबूची सावली खडूनं दगडावर टिपायची.

आता आमच्या गावाला जमिनीत रोवलेली खुंटी म्हणजे काय, ते तिला कुठं ठाऊक. मागं धरणाच्या मोजणीला अशाच खुंट्या रोवल्या होत्या. त्यावर लाल फडकी होती. त्यानंतर गाव राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन बांबू कुणीतरी उपटून टाकले.

दुसऱ्या दिवशी सोनबाअण्णा तिला आडवे गेले. सोनबाअण्णा वाचनालय समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण दुधात आधी माशी शोधणारा.

"काय मोजताय म्याडम? जमीन आमाला दिल्याली हाय, कागद हाय."

"जमीन नाही अण्णा, सावली मोजतेय."

"सावली." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "सोपान, सावली बी जाणार का रं आता?"

लोक हसले. शिवानीही हसली, पण बांबू पुन्हा रोवले. म्हणाली, "वैशाखाच्या मध्याला दुपारी ह्या बांबूची सावली नाहीशी होईल, बघा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आपल्याकडं. म्हणून नुसत्या भिंतीच्या भरवशावर राहता येत नाही, वरनं सावली लागते. आणि मावळतीचं ऊन तिरपं आत घुसतं, त्याला छज्जा कितीही बाहेर काढला तरी अडत नाही. तिथं भिंतच जाड लागते."

मला ते पटलं. पण पटलेलं बोलून दाखवायची आमच्याकडं रीत नाही. मी विडी काढली.

पंधरा दिवसांनी ती नकाशा घेऊन आली. देवळाच्या मंडपात सतरंजीवर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार टाळ ठेवले. दोन्हीकडची माणसं आली होती. मायाताई बाहेरच्या पायरीवर बसली. आत या म्हटलं, तर म्हणाली, "इथनं दिसतंय."

शिवानी सांगायला लागली. मधोमध बारा फुटांचा चौक, वरून उघडा. भोवती भिंती चौकाच्या रुंदीइतक्याच उंच, म्हणजे ऐन दुपार सोडली तर कुठली ना कुठली भिंत चौकात सावली टाकणारच. ऐन दुपारसाठी चौकात एक झाड, ते वाढेपर्यंत वर ओढायचं कापड. रात्री चौकाची फरशी आणि भिंती आभाळाकडं उष्णता सोडून गार होतात, जड गार हवा खाली उतरते, भोवतीच्या खोल्यांत जाते. पश्चिमेला खिडकी नाही. तिथं दोन फुटी दगडी भिंत आणि तिच्या आतल्या बाजूला संडास, न्हाणी, म्हणजे उन्हाचा मार पुस्तकांऐवजी त्यांनी खायचा. पुस्तकं दक्षिणेच्या खोलीत, वाचायच्या खोल्या उत्तरेला आणि पूर्वेला.

"एक मिनिट," अण्णा म्हणाले. "मधी भोक?"

"चौक, अण्णा."

"वरनं पाऊस पडंल त्याला काय म्हनायचं?"

"फरशीला उतार आणि खाली टाकी. पावसाचं पाणी झाडाला."

"म्हंजी छपार बांधायचं ते मधी न्हाईच बांधायचं." अण्णा वळून म्हणाले, "सोपान, तू गवंडी हाईस. आतापतूर कुनी असं अर्धं छपार घातल्यालं बघितलंस?"

मी म्हणालो, "भोरात जुन्या घरांना चौक असत्यात की."

"ती राजाची मानसं. त्यांला भोकातनं चांदनं बघायचं आसतं."

पुढची गंमत खिडक्यांची. दिवसा दहाच्या आत सगळ्या खिडक्या बंद करायच्या आणि रात्री उघडायच्या, असं ती म्हणाली. दिवसा वाचायला येणाऱ्यांसाठी दिवसा बंद आणि चोरांसाठी रात्री उघड्या, असं एकानं मागनं म्हटलं. तिनं समजावलं: दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली, ती घ्यायची कशाला, रात्री गार होते, ती आत भरून घ्यायची, वरच्या झरोक्यांना गज आहेत. उजेड चौकातनं येतो.

मग ती ओसऱ्यांवर आली. उत्तरेला एक, पूर्वेला एक. आठ फूट रुंद, ठेंगणं कौलारू छप्पर. "भर उन्हातनं आलेला माणूस एकदम आत शिरला तर त्याला अंधारी येते," ती म्हणाली. "डोळ्याला आणि अंगाला दोन्हींना पायरी लागते. आधी झाडाखाली, मग ओसरीत, मग एक वळण, मग चौक. वळण अशासाठी, की वाऱ्याबरोबर धूळ आणि झळ सरळ आत जाऊ नये."

"आन् दोन वसऱ्या कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"दोन बाजूंनी लोक येणार. कुणाला उन्हात वळसा नको."

अण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां. ह्ये बरं केलंत. ज्याचं त्याला दार. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

पायरीवरनं मायाताई उठली. पदर झटकला. "अण्णा, ते तुम्ही म्हणालात, का त्यांनी तसं काढलंय?"

"आवो बाई, म्या आपलं—"

"नाही, विचारते. पाण्याचे माठ कुठं आहेत?"

शिवानीनं कागदावर बोट ठेवलं. दोन्ही ओसऱ्यांत एकेक.

"म्हणजे माठसुद्धा दोन," मायाताई म्हणाली आणि चालायला लागली.

शिवानीचं तोंड उतरलं. खरंच सांगतो, तिच्या मनात काही नव्हतं. तिनं फक्त ऊन बघितलं होतं. पण मला त्या वेळी वाटलं, अण्णांनी आधीच तिच्या कानात काही घातलं असेल. अण्णांना वाटलं, मायाताईला वाचनालय आपल्या ताब्यात पाहिजे म्हणून ती खुसपट काढते. वस्तीत बोलणं झालं की अण्णा, शिवानी आणि मी, आम्ही तिघं सामील आहोत. आमच्या आळीत बोलणं झालं की नकाशा वस्तीवाल्यांनीच फिरवून घेतला. एका कागदावर इतके संशय बसले की खालची रेघ दिसेना.

मी आणि शिवानी मायाताईकडं गेलो. तिची आई, अक्काबाई, दारात शेंगा फोडत बसली होती. ऐंशीच्या पुढची. कोंडिबा मास्तरांची बायको. शिवानी म्हणाली, "ताई, दोन्ही ओसऱ्यांतनं वळण घेऊन एकाच चौकात यायचंय. आत सगळं एक आहे. माठ मी काढते, एकच ठेवते, चौकात."

मायाताई म्हणाली, "पोरी, तुझ्यावर राग नाही. पण ओसरी म्हणजे काय ते तू सावलीवरनं शिकलीस, आम्ही वेगळं शिकलोय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सोपानदादांना विचार. गुंजवण्याच्या देवळात कीर्तन व्हायचं."

मी मान खाली घातली. मला आठवत होतं. श्रावणातलं कीर्तन. मी सात-आठ वर्षांचा, आत, बुवांच्या अगदी पुढ्यात. देवळाच्या छपराच्या कडेनं पागोळ्या लागलेल्या, पाण्याची जाळीच. पागोळीच्या अलीकडं आमची माणसं बसलेली. आणि पागोळीच्या पलीकडं, पावसात, इरलं घेऊन एक तरणा माणूस उभा. दर कीर्तनाला. तो कोंडिबा. त्याला एकेक ओवी तोंडपाठ होती. आणि आमच्यातल्या कुणाला कधी वाटलं नाही की हा माणूस हातभर पुढं आला तर कोरडा होईल. मलाही नाही वाटलं.

अक्काबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली, "पडसं घिऊन यायचं. आन् काढा पितापिता मलाच कीर्तन सांगायचं. म्या म्हनायची, जाऊ नगा. म्हनायचं, गोड लागतं गं."

मायाताईनं शेवटी एवढंच कबूल केलं: आखणीच्या दिवशी मी येते. जमिनीवर बघते. मग ट्रंकांचं बोलू.

वैशाखात आखणी ठेवली. उन्हाच्या आत उरकावं म्हणून मी सकाळीच खुंट्या, दोरी, गुण्या घेऊन गेलो. शिवानीनं नकाशाची प्रत दिली होती, ती दगडाखाली ठेवली. गुण्या लावून कोपरे काटकोनात धरले, कर्ण मोजून बघितले. चौक आखला. दक्षिणेची खोली, पश्चिमेची जाड भिंत. मग उत्तरेची ओसरी, तिचं दार, आतलं वळण, चौकात उघडणारी मोकळी जागा. मग पूर्वेची ओसरी. फक्की टाकत टाकत मनातल्या मनात अभंग चालू होता, हात आपोआप चालला होता. तुम्हाला सांगतो, गवंड्याचा हात चाळीस वर्षांनी मालकाचं ऐकत नाही.

दहा वाजता लोक जमले. शिवानी भोरहून एसटीनं यायची होती, एसटीला उशीर. अण्णा आखलेल्या रेघांतनं घरात फिरल्यासारखे फिरत होते. मायाताई अक्काबाईला हाताला धरून घेऊन आली, वस्तीच्या बाजूनं, पूर्वेनं.

मायाताईनं रेघ ओलांडली नाही. दारातनं, म्हणजे फक्कीत सोडलेल्या जागेतनं ती ओसरीत आली. खरीच भिंत असल्यासारखी चालली. डावीकडं वळली. थांबली. उजवीकडं गेली. थांबली.

"सोपानदादा, आत कुठनं जायचं?"

मी गेलो. बघितलं. पूर्वेच्या ओसरीची आतली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. आत जायला जागाच नव्हती.

"बसायला आहे," मायाताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "सावली आहे. आठ फूट रुंद आहे. आत जायला नाही."

अण्णा म्हणाले, "नकाशात तसंच आसंल. म्याडमनी—"

"नाहीतर अण्णांनी," वस्तीतला एकजण म्हणाला.

"ए, म्या कागदाला हात लावल्याला न्हाई."

"मग कुनी केलं? आपूआप झालं?"

बोलण्यातनं बोलणं वाढलं. मीही म्हणालो, आणि हे सांगताना अजून जीभ जड होते, मी म्हणालो, "प्रत पुसट हाय. झेरॉक्स धड आली न्हाई." मला खरंच तसं वाटलं. मला वाटलं, शिवानीनंच अण्णांच्या दबावाखाली दार बुजवलं असेल आणि वरवर आपल्याला गोड बोलली असेल.

तेवढ्यात ती आली. रस्त्यापासून उन्हात चालत, लाल झालेली. काय झालं ते ऐकलं, आणि पिशवीतनं मूळ नकाशा काढून जमिनीवर पसरला. शेजारी माझी प्रत ठेवली. लोक वाकले.

दोन्हींवर पूर्वेची मोकळी जागा होती. स्पष्ट. उत्तरेला होती तशीच, त्याच मापाची, तसंच वळण.

शिवानीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत आता तोच संशय होता जो महिनाभर आम्ही तिच्यावर ठेवला होता. "काका, उत्तरेचं वळण तुम्ही बरोबर आखलंय."

"व्हय," मी म्हणालो.

"मग हे?"

मी त्या दोन रेघांकडं बघत राहिलो. उत्तर, म्हणजे आमची आळी. पूर्व, म्हणजे वस्ती. उत्तरेचं वळण मला दिसलं होतं. पूर्वेचं दिसलं नव्हतं. कागदावर होतं, डोळ्यापुढं होतं, आणि हातानं रेघ सलग ओढली होती. त्या बाजूच्या माणसानं ओसरीपर्यंत यायचं, पुढं नाही, हे माझ्या हाताला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तोंडात अभंग होता, बरं का. हाताला त्याचा पत्ता नव्हता.

पुसट झेरॉक्सचं कुणी परत विचारलं नाही. मीच बोललो. "बाई, अण्णांनी न्हाई केलं. ह्या पोरीनं न्हाई केलं. माज्या हातानं झालं. मनात न्हवतं म्हनावं, तर हातात कुठनं आलं?"

अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. मला वाटलं, मायाताई आता निघून जाईल आणि ट्रंकांचा विषय संपला. मी पायानं ती रेघ पुसायला गेलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुसून परत दोन दारं होतील. आज तुमच्या हातानं बुजलं, उद्या कुलूप लागेल. 'ते दार बंद आहे, तिकडनं या,' म्हणतील. कोण म्हणेल ते माहीत नाही, पण म्हणतील."

शिवानी म्हणाली, "मग एकच दार ठेवू. पण एका बाजूच्या लोकांना उन्हातनं वळसा."

अक्काबाई एवढा वेळ काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ईशान्येच्या कोपऱ्याकडं काठी केली. "ह्ये काय हाय?"

"सामानाची खोली, आजी. दोन ओसऱ्यांच्या मधे."

"सामानाला कशाला येवडी गार जागा? काढ की ती. वसरी वळवून घे."

शिवानी बघतच राहिली. मग खाली बसली आणि नकाशावर पेन्सिलीनं भराभर रेघा मारायला लागली. मीही वाकलो. खोली काढली, की उत्तरेची ओसरी कोपऱ्यावरनं वळून पूर्वेच्या ओसरीला मिळते. दोन नाही, एकच लांब ओसरी, काटकोनात. दोन्हीकडनं आलेला माणूस सावलीसावलीनं कोपऱ्यावर येणार, आणि तिथं एकच वळण, एकच दार, सरळ चौकाच्या कोपऱ्यात. सामानाची खोली पश्चिमेला, उन्हाचा मार खायला.

"दुपारनंतर ह्या दोन्ही बाजू सावलीत असतात," शिवानी म्हणाली. "आजी, हे माझ्या नकाशापेक्षा चांगलंय."

"मला नकाशातलं काय कळतंय," अक्काबाई म्हणाली. "गाय बी कोपरा बघूनच बसती."

अण्णा म्हणाले, "म्हंजी समद्यांनी एकाच दारानं?"

"का? अडचन हाय?" अक्काबाईनं विचारलं.

अण्णांनी जरा वेळ घेतला. तो वेळ सगळ्यांनी मोजला. मग म्हणाले, "दार रुंद ठेवा म्हंजी झालं. म्या जाड मानूस."

कोपऱ्यातल्या रेघा मी पुसायला लागलो, तर मायाताईनं थांबवलं. चप्पल काढली आणि स्वतःच्या पायानं पुसल्या. मग नवी फक्की मी टाकली, आणि शिवानी मागं उभी राहून एकेक माप वाचत होती. मला वाईट वाटलं नाही. माझ्या हातावर लक्ष ठेवायलाच पाहिजे होतं. बाराच्या पुढं उन्हात बांबूकडं लक्ष गेलं. त्याची सावली बुडाशी गोळा होऊन नाहीशी झाली होती.

ट्रंका लगेच आल्या नाहीत. मायाताई म्हणाली, "भिंत दारावरच्या लिंटलपर्यंत येऊ द्या. दार डोळ्यांनी बघीन." पावसाळ्याआधी पाया झाला, दिवाळीनंतर भिंती चढल्या. दर आठ दिवसांनी ती यायची, कोपऱ्यावरच्या त्या मोकळ्या जागेतनं आत जायची, चौकात उभी राहायची आणि परत जायची. कौलं चढली तेव्हा पहिली ट्रंक आली. एकच. बाकीच्या सहा तिनं एकेक करून आणल्या, दोन महिने लावले. सातवी आली त्या दिवशी अण्णांनी तिचं एक टोक धरलं होतं.

पुढच्या वैशाखात सप्ताह होता. कीर्तन वाचनालयाच्या चौकात ठेवलं, मावळतीच्या आधी. बाहेर घरांचे पत्रे उन्हानं तडतडत होते आणि चौकातल्या फरशीवर सतरंजीशिवाय बसवत होतं. लोक ओसरीत, वळणात, चौकात दाटून बसले. बुवा उभे राहायच्या आत मी टाळ घेऊन ओसरीत गेलो आणि बाहेरच्या कौलांच्या कडेकडं बघितलं. जिथं पागोळ्या पडतील ती रेघ मी मनातच धरली. तिच्या पलीकडं कुणी नव्हतं. माझा विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा बघितलं. अजूनही बघतो, दर वेळी.

एवढीच गोष्ट. आता तुम्ही उठाल, त्या कोपऱ्यावरच्या दारातनं बाहेर पडाल. ओसरीच्या कडेला, जिथं कौलं संपतात, तिथं क्षणभर थांबा. पागोळीच्या पलीकडं इरलं घेऊन उभा राहिलेला आणि भिजत भिजत सगळं पाठ केलेला एक माणूस होता. त्या कोंडिबा मास्तरांची तेवढी आठवण ठेवा.